अडतीस गोण्यांचा खुलासा

‘आपणांविरुद्ध शिस्तभंगविषयक कारवाई का करण्यात येऊ नये, याचा लेखी खुलासा ही नोटीस मिळाल्यापासून ७ दिवसांच्या आत सादर करावा; विहित मुदतीत खुलासा प्राप्त न झाल्यास आपले काही म्हणणे नाही असे गृहीत धरून एकतर्फी निर्णय घेण्यात येईल.’ आस्थापना शाखेच्या टेबलाशी ज्याची उमेदीची सारी वर्षे गेली, त्याला हे वाक्य संध्येच्या मंत्रासारखे तोंडपाठ असते. कारण ते त्याने स्वतः अनेकदा लिहिलेले असते, टंकलेखकाकडून छापून घेतलेले असते आणि साहेबांच्या सहीसाठी आत पाठवलेले असते. परंतु ज्याच्या हाती तो कागद पडतो, त्याला मात्र ते वाक्य प्रथमच भेटते, आणि त्यातील ‘का करण्यात येऊ नये’ हा प्रश्न नसून निकालच आहे, अशी त्याची समजूत होऊन बसते. माझ्या तीस-बत्तीस वर्षांच्या नोकरीत मी अशा नोटिसांचे मसुदे केले, त्यांना आलेले खुलासे वाचले, त्यांवर टिपण्या लिहिल्या. आणि गावात ही गोष्ट षट्कर्णी झाल्यामुळे इतर खात्यांतील माणसे आपापल्या नोटिसा घेऊन संध्याकाळी माझ्या ओटीवर येऊ लागली. माझ्याच कार्यालयातून निघालेल्या नोटिशीस उत्तर लिहून देणे अर्थातच मला शक्य नव्हते आणि ते मी कधी केलेही नाही. पण परक्या खात्याच्या कागदाकडे पाहण्यास मला कुणाची मनाई नव्हती.

अशा कागदांपैकी एका भांडारपालाचे प्रकरण मला आजही तपशीलवार आठवते. त्यातील रक्कम मोठी होती म्हणून नव्हे, तर एका खुलाशाच्या पोटात जे जे असावे आणि जे जे नसावे ते सगळे त्या एकाच प्रकरणात एकत्र आले होते म्हणून. कोकणातल्या एका तालुक्याच्या ठिकाणी रस्त्यांची व मोऱ्यांची कामे करणारा एक उपविभाग होता. त्याच्या भांडारात ३१ मार्च १९८२ रोजी वर्षअखेरची प्रत्यक्ष पडताळणी झाली. साठा नोंदवहीप्रमाणे सिमेंटच्या ४१२ गोण्या शिल्लक असावयास हव्या होत्या. पडताळणी अधिकाऱ्यांना मोजून मिळाल्या ३७४. अडतीस गोण्यांची ही तूट दुसऱ्या एखाद्या वर्षी कदाचित एका शेऱ्यावर आणि उलटटपाली खुलाशावर निभावली असती. पण ते साल सिमेंटच्या दृष्टीने बरे नव्हते. सिमेंट नियंत्रित होते, परवान्यावाचून मिळत नव्हते, त्याच फेब्रुवारीत केंद्र सरकारने ते नियंत्रण थोडे सैल केले होते, आणि सिमेंटच्या वाटपावरून उद्भवलेल्या प्रकरणातील उच्च न्यायालयाच्या निकालानंतर राज्याच्या मुख्यमंत्र्यांना जानेवारीत पायउतार व्हावे लागले होते. अशा हवेत भांडारातून अडतीस गोण्या नाहीशा होणे म्हणजे त्या कुठे गेल्या हे लोकांनी आधीच ठरवून टाकणे.

नोटिशीवर तारीख १२ एप्रिलची होती आणि ती भांडारपालांच्या हाती पडली १५ तारखेला, गुरुवारी. हाती पडली असे मी म्हणतो, पण प्रत्यक्षात ती घेण्याचेच ते नाकारणार होते. शिपायाने पोचवही पुढे केली तेव्हा ‘मी सही करणार नाही’ असे त्यांच्या अगदी ओठांवर आले होते. शेजारच्या टेबलावरच्या वृद्ध लिपिकाने त्यांच्या हातात टाक दिला म्हणून सही झाली. त्या लिपिकाचे उपकार मोठे. नोटीस नाकारल्याने ती टळत नाही. नाकारल्याचा पंचनामा होतो, ती बजावली गेली असेच धरले जाते, आणि उत्तर देणाऱ्याच्या पदरी आपल्या मुदतीच्या आरंभाचा लेखी पुरावा मात्र राहत नाही. सही करावी, सहीखाली तारीख घालावी, आणि नोटिशीच्या आपल्या प्रतीवरही ‘दि. १५ रोजी मिळाली’ असे लिहून ठेवावे. सही म्हणजे कबुली नव्हे, ती केवळ पोच.

त्याच दिवशी दिवेलागणीला ते माझ्याकडे आले. वय पस्तिशीच्या आत-बाहेरचे, अंगात खाकी सदरा, आणि हातातल्या कागदाची घडी इतक्यांदा उलगडलेली की दुमडीवरची अक्षरे पुसट झाली होती. ‘अण्णा, हे बघा,’ म्हणून त्यांनी तो कागद माझ्यापुढे ठेवला, आणि त्याबरोबरच स्वतः लिहून आणलेला चार पानी खुलासाही ठेवला. मी प्रथम नोटीसच वाचली; खुलासा लिहिणारा मनुष्य नोटीस वाचल्यानंतर नव्हे, नोटीस पाहिल्यानंतर लिहावयास बसतो, हा माझा जुना अनुभव. नोटिशीत आरोप एकच होता: साठ्यात ३८ गोण्यांची तूट आढळली असून ती भांडारपालांच्या कर्तव्यातील हलगर्जीपणामुळे झाल्याचे दिसते. त्याखाली महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ यांतील नियम ३ चा उल्लेख होता, म्हणजे सचोटी आणि कर्तव्यपरायणता यांचा. आणि पुढे शिस्त व अपील नियमांतील नियम १० अन्वये वेतनवाढ रोखण्याचे व तुटीची रक्कम वसूल करण्याचे योजिले असल्याचे म्हटले होते. नियम १० हा किरकोळ शिक्षांचा नियम. बडतर्फी, सेवेतून काढून टाकणे, सक्तीची निवृत्ती किंवा पदावनती यांसारखी जबर शिक्षा योजावयाची असती, तर नियम ८ खाली दोषारोपपत्र यावयास हवे होते, चौकशी अधिकारी नेमला जावयास हवा होता, साक्षीपुरावा व्हावयास हवा होता. नियम १० मध्ये सामान्यतः इतके काही होत नाही. तेथे नोटीस, तिला दिलेले उत्तर आणि त्यावरचा निर्णय, एवढ्यावरही मामला संपू शकतो. म्हणजे या गृहस्थांची साक्ष, उलटतपासणी आणि युक्तिवाद असे जे काही व्हावयाचे, ते बहुधा त्या एका कागदावरच होणार होते. हे मी त्यांना समजावून सांगितले तेव्हा नोकरी जात नाही हे ऐकून त्यांचा चेहरा उजळला, आणि सारे काही या कागदावर आहे हे ऐकून लगेच उतरला.

मग त्यांचा चार पानी खुलासा मी वाचला. त्यात सत्य होते, यात मला तेव्हाही शंका नव्हती. पण ते सत्य रागाच्या इतक्या जाड थराखाली गाडलेले होते की वाचणाऱ्याला ते उकरून काढावे लागले असते, आणि कार्यकारी अभियंत्याला उकरण्यास वेळ नसतो. आरंभीच्या पानभर त्यांनी आपल्या निष्कलंक सेवेचे वर्णन केले होते. पुढे ओव्हरसियरांनी ‘हेतुपुरस्सर’ मागणीपत्र दाबून ठेवल्याचे लिहिले होते. पडताळणी अधिकाऱ्यांनी ‘मागील पडवीत डोकावण्याचीही तसदी घेतली नाही’ असे होते. विभागीय कार्यालयाने त्यांच्या मार्चमधल्या पत्राला ‘केराची टोपली दाखवली’ असे होते. आणि शेवटी, ‘खरे चोर मोकळे आहेत’ अशी एक सर्वसमावेशक ओळ होती, जिच्यात तालुक्यातील कोण येत नव्हते हे सांगणे कठीण.

मी तो कागद बाजूला ठेवला आणि त्यांना म्हटले, ‘आता तुम्ही मला तोंडी सांगा. कोणी काय करायला हवे होते ते नको. कोणत्या तारखेला काय झाले तेवढेच.’

तारखांप्रमाणे हकीकत अशी निघाली. २७ मार्चला, शनिवारी, एका मोरीच्या स्लॅबचे काँक्रीट घालण्यास सुरुवात झाली. रविवारी दुपारी कामावरचे सिमेंट संपत आले. स्लॅब अर्धा टाकून थांबता येत नाही. आधीचे काँक्रीट आळून गेले की त्यावर दुसऱ्या दिवशी घातलेले त्याला एकजीव होत नाही आणि नेमक्या त्या सांध्यात पुढे पाणी शिरते. म्हणून ओव्हरसियरांनी कामावरच्या ट्रकबरोबर एक चिठ्ठी पाठवली: ३० गोण्या द्याव्यात, मागणीपत्र मागाहून पाठवतो. रविवार असल्यामुळे उपअभियंता मुख्यालयी नव्हते, मागणीपत्रावर त्यांची सही मिळणे शक्य नव्हते. भांडारपालांनी चिठ्ठी ठेवून घेतली, गोण्या मोजून दिल्या, चौकीदाराने फाटकावरच्या वहीत ट्रकचा क्रमांक, वेळ आणि ३० गोण्या अशी नोंद केली व ट्रकच्या चालकाची सही घेतली. मागणीपत्राखेरीज साठा नोंदवहीत खर्ची टाकता येत नाही, म्हणून तेथे नोंद झाली नाही. मागणीपत्र आले २ एप्रिलला आणि त्याच तारखेला गोण्या खर्ची पडल्या. दरम्यान ३१ मार्चला पडताळणी होऊन गेली होती, आणि त्या दिवशी हे गृहस्थ वर्षअखेरच्या हिशेबासाठी विभागीय कार्यालयात गेलेले होते. किल्ल्या प्रभारी लिपिकाकडे होत्या.

हा झाला तीस गोण्यांचा हिशेब. उरलेल्या आठ गोण्या आदल्या पावसाळ्यात आलेल्या साठ्यातल्या. कोकणातल्या दमट हवेत तागाच्या गोणीतले सिमेंट फळ्यांवर ठेवा, भिंतीपासून हातभर दूर ठेवा, तरी खालच्या थराला ओल लागतेच. गोणी हाताने दाबून पाहिली तर आतले पीठ हलत नाही, दगडासारखे लागते. अशा आठ गोण्या त्यांनी वेगळ्या काढून मागच्या पडवीत ताडपत्रीखाली ठेवल्या होत्या आणि १२ मार्चच्या पत्राने त्या निर्लेखित करण्यास मंजुरी मागितली होती. मंजुरी येईपर्यंत त्या नोंदवहीत शिलकीतच राहणार, आणि पडताळणीत मोजल्याही जावयास हव्या होत्या. पण पडवीत काय आहे हे किल्ल्या सांभाळणाऱ्या लिपिकाला ठाऊक नव्हते.

तीस आणि आठ, अडतीस. एकही गोणी कुठे गेलेली नव्हती. हे ऐकताच कोणालाही वाटेल की आता लिहावयाचे ते काय राहिले; पण हिशेब जुळणे वेगळे आणि तो दुसऱ्याला पटणे वेगळे. आस्थापनेच्या टेबलावर बसणारा लिपिक खुलासा हाती घेतो तेव्हा प्रथम एकच गोष्ट पाहतो: आधाराला जोडलेला कागद नोटिशीच्या आधीचा आहे की नंतरचा. २ एप्रिलचे मागणीपत्र नोटिशीच्या आधीचे खरे, पण पडताळणीच्या नंतरचे. त्यामुळे तूट उघडकीस आल्यावर ते करून घेतले असेल, असा संशय घेण्यास जागा होती. सारा भार होता त्या रविवारच्या चिठ्ठीवर आणि फाटकावरच्या वहीवर, कारण पडताळणीच्या आधी जन्मलेले असे हे दोनच कागद. आणि चिठ्ठी खरी ठरावयाची ती कोणाच्या शब्दावर? ज्यांनी ती लिहिली त्या ओव्हरसियरांच्या.

येथे मी त्यांना जे सांगितले ते, या विषयात मला स्वतःला जे काही कळले असे वाटते, त्याचे सार आहे. उलट आरोप करू नयेत हा उपदेश लोकांना शालीनतेचा किंवा भित्रेपणाचा वाटतो. माझ्या लेखी तो निव्वळ व्यवहाराचा आहे. खुलासा वाचल्यावर कार्यकारी अभियंता पहिली गोष्ट करणार ती ही, की त्याची प्रत ओव्हरसियरांकडे अभिप्रायार्थ पाठवणार. त्या प्रतीत ‘आपण हेतुपुरस्सर मागणीपत्र दाबून ठेवले’ असे त्यांनी वाचले, तर ते भांडारपालांच्या खुलाशाला उत्तर न देता स्वतःच्या बचावाला उभे राहणार. आणि स्वतःच्या बचावासाठी सर्वांत सोयीचे वाक्य कोणते, तर ‘अशी चिठ्ठी दिल्याचे मला स्मरत नाही’. जो मनुष्य तुमचा एकमेव साक्षीदार आहे, त्याला आरोपी केले की साक्षीदार जातो आणि प्रतिवादी उरतो. याउलट त्या प्रतीत केवळ ‘दि. २८ मार्चच्या चिठ्ठीनुसार ३० गोण्या देण्यात आल्या. रीतसर मागणीपत्र दि. २ एप्रिल रोजी प्राप्त झाले’ एवढेच असेल, तर त्यांना नाकारण्यासारखे त्यात काही नाही. चिठ्ठी त्यांचीच, स्लॅब त्यांचाच, आणि तो न थांबवता पुरा केल्याचे श्रेयही त्यांचेच.

‘पण अण्णा, पाच दिवस उशीर त्यांनी केला हे खरंच आहे ना? मी ते लिहायचंच नाही?’ असे त्यांनी विचारले. प्रश्न रास्त होता. मी म्हटले, ‘तुम्ही ते लिहिलेलेच आहे. दोन तारखा लिहिल्या की मधले अंतर वाचणाऱ्याला मोजता येते. ते साहेबांना मोजू द्या.’ त्यांना ते तत्काळ पटले असे मी म्हणणार नाही. आपल्यावर अन्याय झाला आहे असे ज्याला वाटते त्याला अन्याय करणाऱ्याचे नाव घेतल्यावाचून आपले म्हणणे अपुरे वाटते. आणि ते नाव न घेता कागद पुरा होतो हे पटावयास कागद पुरा करूनच पाहावा लागतो.

दुसऱ्या दिवशी, १६ तारखेस, त्यांनी एक लहानसा अर्ज केला: पडताळणी अहवालाची प्रत मिळावी आणि नोंदवही व फाटकावरची वही पाहण्यास परवानगी असावी, प्रत वेळेत न मिळाल्यास मुदत वाढवून द्यावी. हा अर्ज मुदतीच्या आतच जावा लागतो. मुदत संपल्यावर कागदपत्रे मागणाऱ्याबद्दल, हा वेळ काढतो आहे, अशीच भावना होते. आणि आत मागितली तर ती नाकारणे वरिष्ठांनाही जड जाते, कारण पुढे अपिलात हाच मुद्दा निघतो. प्रत २० तारखेला मिळाली. तिच्यात मोजणीच्या जागा नावनिशीवार दिल्या होत्या: मुख्य खोली, पूर्वेकडील खोली, छपरी. मागची पडवी त्यांत नव्हती. पडताळणी अधिकाऱ्यांनी तेथे डोकावून पाहिले नाही हे सिद्ध करण्याची आता कोणाला गरजच उरली नव्हती; त्यांचाच अहवाल ते सांगत होता.

मसुदा आम्ही दोन संध्याकाळी बसून केला. वर डावीकडे त्यांचे नाव व हुद्दा, मग ‘प्रति, मा. कार्यकारी अभियंता’, आणि त्याखाली ‘मार्फत: उपअभियंता’, कारण खुलासा थेट वर धाडला तर तो योग्य मार्गाने आला नाही म्हणून परत येतो आणि मुदत वाया जाते. संदर्भात नोटिशीचा क्रमांक व तारीख, आणि ती मिळाल्याची तारीख. पहिला परिच्छेद नोटिशीतील आरोप जसाच्या तसा उद्धृत करणारा, म्हणजे आपण कशाला उत्तर देतो आहोत याबद्दल पुढे वाद नको. त्यानंतर तीस गोण्यांचा परिच्छेद, मग आठ गोण्यांचा. त्यातला एक भाग मी त्यांच्याकडून उतरवून घेतला, तो जवळजवळ असा होता:

‘दि. २८ मार्च १९८२ रोजी, रविवारी, सदर मोरीच्या स्लॅबचे काम चालू असताना ओव्हरसियर यांच्या चिठ्ठीनुसार (सहपत्र १) ३० गोण्या देण्यात आल्या. फाटकावरील नोंदवहीत त्याच दिवशी तशी नोंद आहे (सहपत्र २). मागणीपत्र दि. २ एप्रिल रोजी प्राप्त झाल्यावर त्या खर्ची टाकण्यात आल्या. मागणीपत्राशिवाय गोण्या देणे हे विहित कार्यपद्धतीस धरून नाही, याची मला जाणीव आहे. काँक्रीटचे काम मध्येच थांबवता येण्यासारखे नसल्याने व सुटीमुळे मागणीपत्रावर सही मिळणे शक्य नसल्याने त्या वेळी मी तसे केले.’

यातील ‘याची मला जाणीव आहे’ हे वाक्य घालण्यावरून आमचा बराच खल झाला. त्यांचे म्हणणे, नोटिशीत चिठ्ठीचा विषयच नाही, मग आपण होऊन कशाला काढावा? माझे म्हणणे, चिठ्ठीवर साराच बचाव उभा आहे, आणि ज्या कागदावर तुम्ही उभे राहता तो नियमबाह्य आहे हे वाचणाऱ्याच्या लक्षात येणारच. त्याने ते शोधून काढण्याऐवजी तुम्हीच दाखवले तर बाकीच्या तपशिलावर त्याचा विश्वास बसतो. मात्र कबुली तेवढ्याच गोष्टीची, जी घडली. ‘माझ्या हातून चूक झाली, उदार अंतःकरणाने क्षमा असावी’ असले वाक्य त्यांनी शेवटी नम्रतेखातर घातले होते, ते मी काढावयास लावले. कोणत्या चुकीची क्षमा हे त्यात नव्हते. आणि अशी मोघम कबुली तुटीच्या आरोपालाही लागू पडते. विनयापोटी केलेल्या असल्या क्षमायाचनेवर ‘अपचाऱ्याने आरोप मान्य केला आहे’ असा शेरा पडून प्रकरण तेवढ्यावरच निकालात निघालेले मी माझ्या टेबलावर पाहिले आहे. आदर हा संबोधनात, भाषेच्या संयमात आणि शेवटच्या विनंतीत असावा; तो आरोपावर पांघरूण म्हणून नसावा.

गोण्यांचा उपयोग मोरीलाच झाला, याला दोन आधार मिळाले आणि ते दोन्ही अनपेक्षित. तागाच्या रिकाम्या गोण्यांनाही त्या काळी मोल होते, त्यांची वेगळी नोंदवही असे. कामावरच्या रिकाम्या गोण्या ५ एप्रिलला परत आल्याची नोंद तीत होती. त्या परत आल्या होत्या एकोणतीस. तिसावी फाटलेली म्हणून शेऱ्यात दाखवली होती. ‘तीसच लिहू या का?’ असे भांडारपालांनी जरा चाचरत विचारले. मी म्हटले, नोंदवहीत जे आहे तेच. एकोणतीस आणि एक फाटकी हे वाचून माणसाला खरे वाटेल, सारेच बिनचूक तीस वाचून वाटणार नाही. दुसरा आधार मापपुस्तिकेचा. त्या दिवशीच्या स्लॅबच्या भागाचे माप ४.६ घनमीटर नोंदलेले होते. एकास दोन, चार या प्रमाणाच्या काँक्रीटला घनमीटरमागे साडेसहाच्या आसपास गोण्या लागतात, म्हणजे तीस गोण्यांचा हिशेब तेथेही बसत होता. मापपुस्तिका त्यांच्या ताब्यात नव्हती, म्हणून तिची नक्कल न जोडता ‘मापपुस्तिकेतील नोंदीवरून याची खातरजमा होऊ शकेल’ एवढेच लिहिले. जो दस्त आपल्या हाती नाही, त्यातले आकडे स्वतःच्या भरवशावर देऊ नयेत. तो कुठे आहे ते सांगावे.

आठ गोण्यांच्या परिच्छेदात ‘केराची टोपली’ जाऊन तेथे ‘सदर पत्रावरील आदेश अद्याप अप्राप्त आहेत’ हे आले. आपल्या दफ्तरी भाषेला लोक रुक्ष म्हणून हसतात, आणि पुष्कळदा ती हसण्यासारखी असतेही. पण ‘अप्राप्त आहेत’ या दोन शब्दांत पाच आठवड्यांचे मौन जसेच्या तसे मांडले जाते आणि कोणाचेही नाव घ्यावे लागत नाही, ही सोय दुसऱ्या कोणत्या भाषेत आहे मला माहीत नाही. पडताळणीच्या दिवशी आपण कोणाच्या हुकुमाने कुठे होतो हेही एका वाक्यात आले, त्याला दौऱ्याच्या हुकुमाची नक्कल जोडली. प्रभारी लिपिकाबद्दल मात्र ‘पडताळणी त्यांच्या उपस्थितीत झाली’ यापलीकडे काही नाही. आणि शेवटी: सदर ८ गोण्या आजही पडवीत असून त्यांची केव्हाही मोजणी करता येईल; वरील वस्तुस्थितीचा विचार होऊन नोटीस रद्द व्हावी; आवश्यक वाटल्यास समक्ष म्हणणे मांडण्याची संधी मिळावी.

चार पानांचे सव्वा पान झाले, आणि सेवेचे वर्णन एका ओळीतही उरले नाही. सेवापुस्तक कार्यालयातच असते, साहेबांना हवे तर ते पाहतील. २२ तारखेला, मुदतीच्या शेवटच्या दिवशी, उपअभियंत्यांच्या कार्यालयात तो सादर झाला आणि बारनिशीचा शिक्का व तारीख असलेली स्थळप्रत भांडारपालांनी घरी आणून ट्रंकेत ठेवली.

असा खुलासा सर्वत्र चालतो असे मात्र कोणी समजू नये. गोण्या खरोखरच गेलेल्या असत्या तर भाषेच्या संयमाने त्या परत आल्या नसत्या. वरिष्ठाने आधीच मनाशी ठरवून नोटीस काढली असेल तर सव्वा पान काय आणि चार पाने काय. तेथे उपयोग एवढाच, की अपिलात तोच कागद पुढे जातो आणि त्यात काही लाजिरवाणे लिहिलेले नसते. आणि कोणाचा खरोखरच छळ होत असेल, तर त्याची तक्रार करण्याचा हक्क त्याला आहेच. पण ती तक्रार वेगळ्या कागदावर, वेगळ्या तारखेला आणि वेगळ्या अधिकाऱ्याकडे जावी. खुलाशात घुसडलेली तक्रार ही स्वतःच्या बचावाची युक्ती समजली जाते आणि दोन्ही कागद एकदमच बुडतात. कारखान्यातील कामगारांची रीत निराळी. तेथे स्थायी आदेश असतात, खातेचौकशीत बाजू मांडावयास सहकामगाराची मदत मिळू शकते, म्हणून तेथला कागद काहीसा निराळा होतो. पण एका माणसाने दुसऱ्याला, तू हे का केलेस, असे लेखी विचारले आहे, ही गोष्ट तेथेही तीच.

मे महिन्यात ओव्हरसियरांचा अभिप्राय गेला. चिठ्ठी आपल्या हातची असून सुटीमुळे मागणीपत्रास विलंब झाला, असे त्यांनी दोन ओळींत लिहिले होते. हे भांडारपालांना त्यांनीच बसस्टँडवर चहा पिताना सांगितले. पडवीतल्या गोण्या पुन्हा मोजल्या गेल्या, त्या आठच निघाल्या. जुलैत हुकूम आला: तुटीचा आरोप सिद्ध होत नसल्याने वसुली व वेतनवाढ रोखण्याचा प्रस्ताव सोडून देण्यात येत आहे, तथापि मागणीपत्राशिवाय साहित्य दिल्याबद्दल यापुढे दक्षता घेण्याची लेखी समज देण्यात येत आहे. ते हुकूम घेऊन धावत माझ्याकडे आले, ‘समज’ या शब्दाने धास्तावलेले. मी त्यांना सांगितले की ठपका ही नियमांत गणलेली शिक्षा आहे, समज तशी नाही. त्यावर अपील करावयाचे नाही, ती पाळावयाची. त्यांनी ती पाळलीही. पुढे रविवारी काँक्रीट घालावयाचे असले की शनिवारीच उपअभियंत्यांच्या सहीचे जादा गोण्यांचे मागणीपत्र आणल्याशिवाय ते ट्रक फाटकातून सोडीत नसत, आणि ओव्हरसियरही ते न कुरकुरता आणून देत. दगड झालेल्या त्या आठ गोण्यांच्या निर्लेखनाची मंजुरी मात्र पुढच्या वर्षी आली, आणि १२ मार्चच्या पत्राचा संदर्भ तीत अचूक दिलेला होता.